घाडीभाऊंचे छत्तीस प्रश्न

आमच्या बिल्डिंगमध्ये घाडीभाऊंना टाळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे जिना. आणि सात मजले चढायची ताकद असलेली माणसं आमच्याकडे फार नाहीत. त्यामुळे घाटकोपरच्या आमच्या त्या इमारतीत असा एकही रहिवासी उरला नव्हता, ज्याला घाडीभाऊंनी कधी ना कधी, तिसऱ्या नि चौथ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी, एखादा भलताच प्रश्न विचारला नाही.

दिगंबर घाडी, मूळचे कणकवलीकडचे. अडतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली आणि रिटायर झाले, पण ते नुसतं कागदावर. खिशात टेस्टर कायम. लिफ्टमध्ये शिरले की बटण दाबायच्या आधी भिंतीला कान लावायचे आणि डॉक्टरसारखं तोंड करून सांगायचे, "आज हिला बरं वाटत नाही." आम्ही घाबरून बाहेर यायचो. ती बया मात्र सुरळीत चालायची. शैलावहिनी होत्या तोवर त्यांचं बरंचसं बोलणं घरातल्या घरात मुरायचं. त्या गेल्या, आणि हा सगळा माल बिल्डिंगवर आला. मी सहाव्या मजल्यावर, ते सातव्यावर. म्हणजे सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला. तक्रार नाही माझी. मलाही बोलायला लागतं, हे काय लपवायचंय.

अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यावर त्यांचा स्वतःचा अभ्यास होता. वर उभं राहून दोर तपासताना खाली केबिनमधलं बोलणं सगळं ऐकू यायचं म्हणे. ते सांगायचे, "वैनी, पहिली दहा मिनिटं सोसायटीच्या नावाने शिव्या. मग पंखा का बंद म्हणून चौकशी. मग गाव खंयचा तुमचा. आणि पाऊण तासाने बाई त्या परक्या माणसाला सांगत असते, की मला गाणं शिकायचं होतं नि मला शिवणकाम शिकवलं. दार उघडलं की दोघं एकमेकांच्या पिशव्या उचलून देतात. भांडी घासून ठेवल्यासारखी स्वच्छ तोंडं." का होतं असं, हे कोडं त्यांना वर्षानुवर्षं होतं. माणसं घाबरलेली असतात म्हणून, असं मी म्हटलं, तर मान हलवून म्हणाले, घाबरलेला माणूस देवाशी बोलतो, शेजारच्याशी नाही.

ते कोडं सोडवलं त्यांच्या भाचीने. रेवती तिचं नाव, मानसशास्त्र शिकलेली. एका दिवाळीत ती मामाकडे आली तेव्हा तिने सांगितलं, की यावर माणसांनी बसून काम केलेलं आहे. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवायचं, छत्तीस प्रश्न द्यायचे, बारा-बाराचे तीन गट. पहिला गट हलका, दुसरा जरा आतला, तिसरा पार आतला. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचा, दोघांनीही उत्तर द्यायचं. एकदा याने आधी, एकदा त्याने आधी. गाळायचा एकही नाही. तास-पाऊण तासात दोघं इतके जवळ येतात, की तेवढाच वेळ नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारल्या तर येत नाहीत. शेवटी चार मिनिटं न बोलता एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, अशीही एक शेपटी लोक लावतात, पण ती लावली नाही तरी चालतं. आणि हेही तिने बजावलं, की मामा, ही जवळीक त्या संध्याकाळपुरती खरी. पुढे टिकवायची ती ज्याची त्याने.

घाडीभाऊंनी वही काढली आणि सगळे प्रश्न स्वतःच्या मराठीत, स्वतःच्या बुद्धीने रचले. पहिल्या गटात असे: कुठला पदार्थ पानात पडला की तुम्ही बोलायचे थांबता? मनासारखा दिवस म्हणजे सकाळपासून काय काय? दुसऱ्यात: तुमच्या घरात माया कशी दाखवायचे, हाताने, तोंडाने की ताटाने? कधीपासून करायचं मनात आहे नि केलं नाही, का नाही केलं? आणि तिसऱ्यात: 'आपण दोघं' अशी सुरुवात करून तीन खरी वाक्यं सांगा. समोरच्यातलं काय आवडलं ते तोंडावर सांगा, नव्या ओळखीत सांगायला संकोच वाटेल असंही. शेवटचं कुणासमोर रडलात?

आता शहाण्या माणसाने सुरुवात पहिल्यापासून केली असती. घाडीभाऊंना घाई. पाचव्या मजल्यावर नवीन भाडेकरू आला होता, बँकेतला, टाय लावणारा. तो सकाळी साडेआठला लिफ्टमध्ये शिरला. घाडीभाऊंनी नमस्कार केला आणि विचारलं, "शेवटचं कुणासमोर रडलात?" त्याने धोक्याची घंटा दाबली. घंटा वाजली, वॉचमन धावला, आणि तो बिचारा टाय सैल करत म्हणाला, मला काही झालेलं नाही, या काकांना काहीतरी झालंय. पुढे सहा महिने तो माणूस जिन्याने येत-जात होता. वजन कमी झालं त्याचं, बायको खूश होती.

त्या दिवसापासून घाडीभाऊंना पटलं, की ग्राउंडवरून एकदम सातव्यावर न्यायचं नाही. "पोटात गोळा येतो माणसाच्या," म्हणायचे. "पहिलं उत्तर दिलं नि समोरचा हसला नाही, नाक मुरडलं नाही, की माणूस मनात म्हणतो, इथे पाय टिकतो. मग पुढचा मजला." आणि दोघांनीही उत्तर द्यायचं, ही अट त्यांना सगळ्यात जास्त आवडायची, कारण ती त्यांच्या धंद्यातली होती. लिफ्टच्या केबिनला दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचे ठोकळे बांधलेले असतात. त्यांचं वजन असतं म्हणून एवढीशी मोटर एवढी मोठी केबिन उचलते. एकटाच बोलत सुटला आणि दुसरा नुसता ऐकत राहिला, तर बोलणारा घरी जाऊन पस्तावतो, की मी का बोललो. तुझं एक, माझं एक, म्हणजे दोघांचं वजन सारखं. कुणी कुणाच्या हातात सापडत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण हे मला एकदम कळलं. कितीतरी बायकांनी मला घरचं सांगितलं नि नंतर तोंड चुकवू लागल्या. मी माझं काहीच सांगितलं नव्हतं ना.

मग त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये एका रविवारी संध्याकाळी प्रयोग ठेवला. दोन जोड्या, चौघंही एकमेकांना अनोळखी, वेगवेगळ्या बिल्डिंगमधून गोळा केलेले. एका जोडीला छत्तीस प्रश्न. दुसऱ्या जोडीला सक्त ताकीद, की पाणी कधी येतं, मेट्रोचं काम आणि भाजीचे भाव, यापलीकडे काही बोलायचं नाही. जवळीक मोजायला रेवतीने दोन वर्तुळं सांगितली होती, ती एकमेकांवर जितकी चढलेली तितके तुम्ही जवळ. घाडीभाऊंनी त्यासाठी डब्याची दोन झाकणं आणली. तासाभराने एकेकाला बाजूला नेऊन विचारलं, हे तुमचं झाकण, हे समोरच्याचं, किती सरकवाल? प्रश्नवाल्या जोडीला वेगवेगळं विचारूनही दोघांनी अर्ध्याच्या वर झाकणं चढवली. गप्पावाल्यांपैकी एकाने कडेला कड लावली. दुसरे होते गोडबोले म्हणून. त्यांनी एका झाकणावर दुसरं झाकण अगदी चपखल बसवलं. घाडीभाऊ चक्रावले. इतकी जवळीक, भाजीच्या भावावरून? तर गोडबोले म्हणाले, जवळीक कसली, झाकणं अशीच ठेवतात, नाहीतर हरवतात.

पण खरा गाजला तो बघण्याचा कार्यक्रम. माझ्या नणंदेचा मुलगा निखिल, मुलुंडचा. मुलगी बोरिवलीची, मानसी. दोघंही लाजाळू, आधीच्या भेटीत पाऊण तास बसून 'ऑफिस कसं आहे' याच्यापुढे गेली नव्हती. मीच आगाऊपणा करून घाडीभाऊंना नेलं. त्यांनी सगळ्यांना पद्धत समजावली. समजावताना छत्तीस हा आकडा तोंडातून गेला मात्र, आणि दोन्ही आयांचे डोळे चमकले. छत्तीस गुण! पत्रिकेत जुळवतात तेच, फक्त तोंडी. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला एक गुण. नणंदेने लगेच पेन मागितलं.

घाडीभाऊंचा नियम होता की तिसरं कुणी खोलीत नको. पण मुलामुलीला एकटं सोडून दार लावायचं, हे दोन्ही घरांना पटेना. शेवटी ठरलं, की आया बसतील, पण बोलणार नाहीत. पहिलाच प्रश्न, कुठला पदार्थ पानात पडला की तुम्ही बोलायचे थांबता. निखिलने तोंड उघडायच्या आत माझी नणंद म्हणाली, याला ना, भरली वांगी. मानसीची आई म्हणाली, हिला पुरणपोळी, आणि मला विचाराल तर सुकं खोबरं घातलेली कुठलीही गोष्ट. नणंद म्हणाली, अगं बाई, मलापण. लागला एक गुण.

पुढे काय सांगू. मुलगा-मुलगी पोह्यांच्या बशा धरून बसले होते आणि या दोघी चढत होत्या मजल्यामागून मजला. बाराव्या प्रश्नाला 'अहो-जाहो' गेलं. अठराव्याला माझी नणंद, जिला मी बत्तीस वर्षं ओळखते, त्या परक्या बाईला म्हणाली, की मला नाटकात काम करायचं होतं, सासऱ्यांना विचारायची हिंमत झाली नाही. मला कधी बोलली नव्हती. कारण मी कधी विचारलंच नव्हतं, मी सांगतच बसायची. तिसऱ्या गटात दोघींनी पदर डोळ्यांना लावले. पस्तिसाव्याला मानसीच्या आईने नणंदेचा हात हातात घेऊन सांगितलं, तुझा आवाज फार गोड आहे, फोनवर बोलताना मला वाटायचं मुलगीच बोलतेय. मार्क झाले चौतीस.

लग्न जमलं नाही. मुलीने नम्रपणे कळवलं, की मला मुलाबद्दल काहीच कळलं नाही, सासू मात्र फार आवडली. आणि या दोघी बाया आता दर महिन्याला कुठे ना कुठे जातात. मागच्या वर्षी गणपतीपुळ्याला जाऊन आल्या, एका खोलीत. घाडीभाऊ त्या दिवशी परतताना रिक्षात सारखे मांडी थोपटत होते. म्हणाले, "बघितलंत ना वैनी? जो उत्तर देतो तोच जवळ येतो. पद्धत चुकली नाही, माणसं चुकली."

असं हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका सकाळी ते स्वतःच्या बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आले ते चाकाच्या खुर्चीत. मुलगा मिलिंद बेंगलोरला, चांगला मुलगा, पण किती दिवस राहणार? त्याने ब्युरोतून दिवसरात्रीचा माणूस लावला. तो तिसऱ्या दिवशी गेला. दुसरा आठवड्यात. तिसऱ्याने तर चहा अर्धा टाकून लिफ्ट गाठली. कारण एकच. घाडीभाऊ आंघोळ घालू देईनात. अंगाला हात लावला की असे काही ओरडायचे, की खाली माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मग दिवसच्या दिवस बिनआंघोळीचे. पाठीला जखम व्हायला लागली, डॉक्टरांनी मिलिंदला स्पष्ट सांगितलं. मिलिंदने नाशिककडच्या एका वृद्धाश्रमात जागा बघितली आणि फोनवर बापाला म्हणाला, बाबा, चौथा माणूस पाठवतोय. मी येत्या रविवारी येतो. तोवर हाही गेला, तर आपण नाशिकला जातोय.

घाडीभाऊंनी मला एवढंच सांगितलं, की वैनी, माका ह्या घरातच मरूचा आसा. शैला इथे गेली. मी भाताचा डबा ठेवला आणि खाली आले.

चौथा आला तो पांडुरंग. पंचावन्नच्या पुढचा, जालन्याकडचा, मोठ्या मिशा, आणि तोंडातून शब्द नाही. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, दम लागायला लागला म्हणून या कामात आलेला. पहिले दोन दिवस दोघं एकमेकांकडे असे बघत होते, जसे एकाच बाकावर बसलेले दोन पेशंट. आंघोळ नाहीच. शुक्रवारी संध्याकाळी पाचला घाडीभाऊंचा मला फोन. वर या. डोळ्यांत मोतीबिंदू, वही वाचता येत नाही. तुम्ही प्रश्न वाचायचे. पण एक अट, वाचण्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही.

हे मला, म्हणजे मला सांगतायत.

मी खरंच तोंडात सुपारी धरून बसले. पांडुरंग आधी नाहीच म्हणाला. माझं काम रुग्णाचं आहे, गप्पांचे पैसे नाहीत. घाडीभाऊ म्हणाले, पहिली तीन उत्तरं दे, नको वाटलं तर ऊठ. पहिल्याला त्याने सांगितलं, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. घाडीभाऊंनी सांगितली सोलकढी. पाचव्या की सहाव्याला पांडुरंग खुर्ची पुढे ओढून बसला, तो उठलाच नाही. दुसऱ्या गटात, माया कशी दाखवायचे, याला घाडीभाऊ म्हणाले, आमच्याकडे दाखवत नसत. आजारी पडलं की कपाळाला हात लावायचे, म्हणून मी लहानपणी फार आजारी पडायचो. पांडुरंग हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. त्याने सांगितलं, त्याची आई त्याची वरातीची टोपी धुऊन उन्हात ठेवायची नि राखण करत बसायची, टोपी काय पळून जाणार होती?

तिसऱ्या गटात मी वाचलं, शेवटचं कुणासमोर रडलात. पाळी पांडुरंगाची होती आधी. त्याने बोटांनी मिशी विंचरली. मग म्हणाला, मुलुंडला वरात होती. घरून फोन आला, बायको गेली. मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, जा. तेवढ्यात नवऱ्याचे मित्र आले, रस्त्यावर आडवे पडले, नागीण वाजव म्हणाले. "वाजवली की. पंधरा-वीस मिनिटं. ते लोळत होते, माझ्या डोळ्यांतून पाणी. त्यांना वाटलं, मी रंगात आलो. एकाने शंभराची नोट कपाळाला लावली." त्याने कपाळावरून हात फिरवला. "त्यांच्यासमोर रडलो. म्हणजे कुणासमोरच नाही."

मी सुपारी दातांखाली घट्ट धरली. हसावं की रडावं कळेना. पण बोलायचं नव्हतं.

आता पाळी घाडीभाऊंची. त्याने एवढं वजन टाकलं, यांनी तेवढंच टाकायला हवं. मला वाटलं, शैलावहिनींचं सांगतील. ते म्हणाले, शैला गेली तेव्हा मी रडलो नाही. पाठ चोळताना ती कायम बडबडायची, आज भाजी काय, कोण आलं होतं. आता परक्या माणसाचा हात पाठीला लागतो, नि तो गप्प असतो. मग मला कळतं की ती नाही. म्हणून ओरडतो. "मला लाज नाही वाटत रे पांडू. मला शांतता सोसत नाही."

एक प्रश्न तेव्हा उरला होता, छत्तिसावा. आपली एक अडचण सांगा, समोरच्याने त्यावर तो काय करेल ते सांगावं, आणि बोलताना तुम्ही त्याला कसे दिसलात तेही. मी वाचायला लागले, तर पांडुरंगाने हात वर करून मला थांबवलं. अडचण सांगून झाली म्हणाला. मग घाडीभाऊंकडे बघून म्हणाला, "तुम्ही रागीट नाही दिसले मला. दचकलेले दिसले. उद्या सकाळी साताला पाणी तापवतो. मला बोलता येत नाही जास्त, पण आडतीस गावच्या वराती माहीत आहेत. रोज एक सांगीन."

डोळ्यांत बघायची चार मिनिटं त्यांनी केली नाहीत. सहा वाजून गेले होते, पांडुरंग कुकर लावायला उठला.

रविवारी मिलिंद आला तेव्हा मी वरच होते. बाथरूमचं दार लोटलेलं. आतून पाण्याचा आवाज आणि पांडुरंगाचा एकसुरी आवाज, की घोडं उधळलं ते नवरदेवासकट थेट पेट्रोल पंपावर. आणि घाडीभाऊ विचारत होते, मग पेट्रोल घातलं का? मिलिंद हातातली बॅग तशीच धरून उभा राहिला. नाशिकच्या फॉर्मची फाईल त्याच्या काखेत होती. मला हळूच म्हणाला, काकू, बाबा हसतायत? मी म्हटलं, बस, पोहे आणते. पोह्यांची बशी घेऊन आले तोवर फाईल बॅगेत गेली होती.

पाठ भरून आली. वर्षभर ते त्याच घरात राहिले. अडतीस वराती सव्वा महिन्यात संपल्या, मग पांडुरंग त्याच वराती दुसऱ्या गावच्या म्हणून सांगू लागला. घाडीभाऊ चुका काढायचे.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी ठाण्याला लेकीकडे निघाले, त्या दुपारी निरोप घ्यायला वर गेले. घाडीभाऊ गेले तेव्हा मी तिकडेच होते, म्हणून हे शेवटचं बघणं. गॅलरीत ऊन आलं होतं. पांडुरंग खाली बसला होता, घाडीभाऊंचा पाय मांडीवर घेऊन त्यांची नखं कापत होता. दोघंही गप्प. मी दारात उभी राहिले, पाच मिनिटं तरी. एक शब्द नाही. मला राहवेना. मी विचारलं, काय हो, भांडलात की काय?

घाडीभाऊंनी बोट ओठांवर ठेवलं. "बोलून झालं सगळं, वैनी," ते म्हणाले. "आता नखं."